रविवारची भाजी : अठरा घरांच्या मागणीवर चालणारा विद्यार्थ्याचा जोडधंदा

महाविद्यालयात शिकत असताना सोमवार ते शुक्रवार वेळ मिळत नाही आणि हाताशी साधा स्मार्टफोन असतो, तेव्हा जाहिरातींमधून समोर येणारे बहुतेक उद्योग वेळ खाणारे किंवा सरळ फसवे निघतात. व्हिडिओला पसंती देण्याचे पैसे मिळतील असे सांगून नंतर ‘पुढच्या कामासाठी’ रक्कम भरायला लावणारे, किंवा बँक खाते काही दिवस वापरायला मागून त्याचे भाडे देऊ करणारे लोक विद्यार्थ्यांनाच गाठतात. असे खाते फसवणुकीच्या पैशांसाठी वापरले जाते आणि चौकशी खातेदाराची होते, म्हणून त्या वाटेला जाऊच नये. या लेखात एकच मार्ग सविस्तर मांडला आहे : शनिवारी फोनवर आगाऊ मागणी आणि पैसे घ्यायचे, रविवारी पहाटे घाऊक बाजारातून भाजी आणायची आणि दुपारच्या आत ठरलेल्या घरांना पोचवायची. मागणी आधी आणि खरेदी नंतर असा क्रम असल्यामुळे या कामाला भांडवल जवळजवळ लागत नाही आणि माल अंगावर पडण्याची भीती मर्यादित राहते.

उदाहरण पुण्याचे घेतो, कारण गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचे वेळापत्रक या कामाला विशेष सोयीचे आहे. तिथला भाजीपाला विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी आठवड्यातली मोठी आवक होते. शनिवारचा दिवस मागणी गोळा करायला आणि रविवारची पहाट खरेदीला, अशी विभागणी आपोआप होते. दुसऱ्या शहरात राहणाऱ्यांनी आपल्या बाजार समितीचा सुट्टीचा वार प्रथम विचारून घ्यावा. तो रविवार असेल तर मागणी शुक्रवारी आणि खरेदी शनिवारी, असा सगळा क्रम एक दिवस अलीकडे घ्यावा लागेल.

अठरा घरेच का?

घाऊक बाजारात फळभाज्यांचा भाव दहा किलोंवर बोलला जातो आणि पालेभाज्यांचा जुडीवर किंवा शेकड्यावर. छोट्या खरेदीदाराने निदान दहा किलो तरी घ्यावे, अशी आडत्याची अपेक्षा असते. त्याहून कमी हवे असेल तर गाळ्यांसमोर बसणाऱ्या दुबार विक्रेत्यांकडे, म्हणजे बाजारात ज्यांना ‘डमी आडते’ म्हणतात त्यांच्याकडे जावे लागते आणि तिथे भाव चढा असतो. म्हणून आपल्या कामाचे एकक दहा किलो हेच धरावे.

एका घराला आठवड्याला एका जातीची अर्धा किलो भाजी पुरेशी होते. कागदावर दहा किलोंची वीस घरे होतात, पण प्रत्यक्षात दहा किलोंमध्ये दबलेले टोमॅटो, जून भेंडी, वाकडी किंवा बियाळ काकडी असतेच, शिवाय प्रत्येक वजनाच्या वेळी काटा थोडा ग्राहकाच्या बाजूने झुकतो. नऊ किलो चांगला माल हाती लागेल असे धरून अठराच घरांची मागणी घ्यावी. वीस घरे घेतली की शेवटच्या दोन घरांच्या पिशवीत उरलासुरला माल भरला जातो आणि ती दोन घरे पुढच्या आठवड्यात परत येत नाहीत.

प्रत्येकाची वेगळी यादी घेण्याच्या मोहात पडू नये. एकाला पाव किलो कारली, दुसऱ्याला दीड किलो वांगी अशी मागणी स्वीकारली की दहा किलोंचे गणित मोडते आणि रविवारची सकाळ निवडण्या-वाटण्यात संपते. सर्वांना एकच ठरलेली पिशवी द्यावी, तिच्यात चार फळभाज्या आणि दोन पालेभाज्या असाव्यात. सुरुवातीला कांदा-बटाटा तीत घेऊ नये. त्यांचे वजन फार असते, नफा थोडा असतो आणि बहुतेक घरे ते एकदम जास्त प्रमाणात भरून ठेवतात.

शुक्रवार रात्र ते शनिवार संध्याकाळ : फोनवरचे काम

फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्यावे. ते साध्या स्मार्टफोनवरही चालते, फक्त छायाचित्रे आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी, नाहीतर साठवण लवकर भरते. ग्राहकांचा गट करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करणे चांगले. गटात एकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, जे अनेकांना आवडत नाही, आणि एका घराची तक्रार अठरा घरांची चर्चा होते. ब्रॉडकास्टचा निरोप मात्र ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच समोर उभे राहून तो जतन करून घ्यावा.

शुक्रवारी रात्री कृषी पणन मंडळाच्या msamb.com या संकेतस्थळावर पुण्याचे भाव पाहावेत. तिथे भाव क्विंटलचा असतो, त्याला दहाने भागले की दहा किलोंचा भाव मिळतो. शनिवारी बाजार बंद असल्यामुळे हाच ताजा अंदाज हाती असतो. रविवारी त्यात चढउतार होणार हे गृहीत धरून प्रत्येक भाजीच्या अंदाजात थोडी मोकळीक ठेवावी आणि शनिवारी सकाळी असा निरोप पाठवावा :

“उद्या रविवारची पिशवी १६० रुपये. टोमॅटो, भेंडी, काकडी, घेवडा प्रत्येकी अर्धा किलो, कोथिंबीर एक जुडी, मेथी एक जुडी. एखादी भाजी चांगली मिळाली नाही तर तिच्याऐवजी तेवढ्याच किमतीची दुसरी देईन. मागणी आणि पैसे आज सायंकाळी ७ पर्यंत. पिशवी उद्या ९.३० ते १०.३० दरम्यान वाहनतळाजवळ.”

या निरोपातले बदलीचे वाक्य अतिशय महत्त्वाचे आहे. पिशवीची किंमत महिनोन्महिने स्थिर ठेवावी आणि भाव चढले की आतला जिन्नस बदलावा. ग्राहकाला दर आठवड्याला नवा आकडा सांगितला की तो दर आठवड्याला नव्याने विचार करतो.

पैसे यूपीआयने आगाऊच घ्यावेत आणि बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच नाव वहीत लिहावे. समोरच्याने पाठवलेले स्क्रीनचे चित्र हा पुरावा मानू नये. पैसे मिळवण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही पक्के लक्षात असू द्यावे. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करावा. हिशेबासाठी वेगळे ॲप नको. दोनशे पानी वहीत घर क्रमांक, रक्कम, जमा झाल्याची खूण आणि ‘मेथी चालत नाही’ यासारखी टीप एवढे चार रकाने पुरतात.

रविवारची खरेदी

पहाटे साडेपाचच्या सुमारास बाजारात पोचावे. त्याआधी मोठे खरेदीदार गाड्यांनी माल उचलत असतात आणि आपल्याला कोणी विचारत नाही, आणि आठनंतर भाव उतरले तरी इतरांनी निवडून उरलेला माल शिल्लक राहतो. प्रत्येक भाजीसाठी निदान तीन गाळ्यांवर भाव विचारून मगच घ्यावी. काही आठवड्यांनी एका-दोन आडत्यांना तुमचा चेहरा ओळखीचा होतो आणि तिथून पुढे माल स्वतः उघडून दाखवला जातो. ही ओळख पाच-दहा रुपयांच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी जास्त कामाची असते, म्हणून दर रविवारी नवा गाळा शोधत फिरू नये.

मालाची पारख हातानेच शिकावी लागते. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर नेहमी देखणा असतो, म्हणून हात खाली घालून मधले दोन-चार काढून पाहावेत. सगळे लालभडक न घेता थोडे कचवट घ्यावेत, कारण आपल्या ग्राहकाला ते आठवडाभर पुरवायचे असतात. भेंडीचे टोक वाकवल्यावर चटकन तुटले तर ती कोवळी, लवून परत सरळ झाली तर जून. घेवडा मोडल्यावर शिरा लोंबू नयेत. खरी कसोटी पालेभाजीची असते. ताजी दिसावी म्हणून जुडीवर पाणी मारलेले असते, तिचे वजन भरते आणि चमकही येते, पण दुपारपर्यंत आतली पाने काळी पडतात. जुडी बांधलेल्या ठिकाणी बोट घालून पाहावे. आत ऊब लागली किंवा चिकटपणा जाणवला तर ती घेऊ नये. पावसाळ्यात भिजलेली मेथी जवळजवळ टिकतच नाही, तेव्हा जून ते सप्टेंबर एकच पालेभाजी ठेवून दुसरीच्या जागी लिंबू आणि हिरवी मिरची द्यावी.

पावती घ्यायची सवय ठेवावी. तीवर मालाच्या भावाशिवाय आडत, हमाली, तोलाई असे आकार येतात. भाजीपाल्याची आडत २०१६पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते, त्यामुळे ती आपल्या खर्चात धरलीच पाहिजे. नवखा विद्यार्थी बोललेल्या भावावर हिशेब करतो आणि घरी आल्यावर शंभर-सव्वाशे रुपये कुठे गेले ते शोधत बसतो.

एका रविवारचा हिशेब

धनकवडीत राहणारा एक विद्यार्थी अठरा घरांना पिशवी देतो असे धरू. पुढचे भाव हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत, ते ऋतूप्रमाणे बदलतील. दहा-दहा किलो टोमॅटो २०० रुपये, भेंडी ३५०, काकडी २०० आणि घेवडा ४५०. कोथिंबिरीच्या वीस जुड्या दहा रुपयांप्रमाणे २०० आणि मेथीच्या वीस जुड्या बारा रुपयांप्रमाणे २४०. एकूण माल १,६४० रुपयांचा. आडत, हमाली, तोलाई मिळून ११०. सामानासह परतीची रिक्षा २५०, जाण्याचा खर्च ४० आणि कागदी पिशव्या ६०. सगळा खर्च २,१०० रुपये झाला, म्हणजे पिशवीमागे साधारण ११७. अठरा पिशव्यांचे १६० रुपयांप्रमाणे २,८८० रुपये आले आणि हाती ७८० रुपये राहिले. हातगाडीवर हीच भाजी साधारण १६५ रुपयांना पडते असे धरले तर ग्राहकाचा फायदा पाच रुपयांचा आहे. तो स्वस्ताईसाठी नाही, तर निवडलेली ताजी भाजी इमारतीखाली मिळते म्हणून येतो, आणि त्यामुळेच मालाच्या दर्जात तडजोड करून हा धंदा चालत नाही.

घरे कमी झाली तर काय होते, हे आधीच माहीत असावे. फळभाज्यांचा, वाहतुकीचा आणि आडत-हमालीचा मिळून १,६०० रुपये खर्च घरे कितीही असली तरी जवळपास तेवढाच राहतो. घरागणिक वाढणारा खर्च फक्त दोन जुड्या आणि पिशवी, म्हणजे २५ रुपयांचा. बारा घरांवर खर्च १,९०० आणि आवक १,९२० होते, म्हणजे श्रम फुकट जातात. पंधरा घरांवर ४२५ रुपये सुटतात. म्हणून शनिवारी सातच्या ठोक्याला नावे मोजावीत. चौदापेक्षा कमी भरली तर एक फळभाजी वगळून उरलेल्या प्रमाणात पिशवीची किंमत कमी करावी आणि तसे त्याच संध्याकाळी कळवावे. बारापेक्षा कमी असतील तर पैसे त्याच रात्री परत करावेत.

छत्तीस घरांची हाव सुरुवातीला नको. माल दुप्पट झाला तरी रिक्षा तीच राहते, त्यामुळे एकूण नफा अंदाजे १,८५० रुपयांवर जातो हे खरे, पण निवडणे, तोलणे आणि वाटणे एकट्याने दुपारपर्यंत होत नाही. सोबत जोडीदार घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला ९२५ येतात, म्हणजे एकट्याच्या ७८०पेक्षा फार नव्हेत. जोडीदाराचा खरा उपयोग आजारपणात आणि परीक्षेत होतो, आणि तेवढ्यासाठी तो जरूर असावा.

निवडणे, तोलणे आणि पोचवणे

घरी आल्यावर पालेभाजी प्रथम मोकळी करून सुती कापडावर पसरावी आणि तिच्यावर पाणी अजिबात मारू नये. मग एकेक फळभाजी निवडून अठरा वाटे घालावेत. एक पिशवी पूर्ण भरून दुसरी घ्यायची पद्धत ठेवली तर शेवटच्या पिशव्या हलक्या आणि पडेल मालाच्या होतात. सर्व पिशव्या ओळीने उघड्या ठेवून सगळीकडे टोमॅटो, मग सगळीकडे भेंडी, असे भरत गेले की चांगला-वाईट माल सारखा विभागला जातो. दोन जास्तीच्या जुड्या खराब निघालेल्यांच्या बदल्यासाठीच असतात, त्या विकायला काढू नयेत.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाची पडताळणी आणि मोहोर असली पाहिजे. ती दरवर्षी नवी करून घ्यावी लागते, म्हणून जुना काटा घेताना मोहोर पाहूनच घ्यावा. अन्नपदार्थांच्या छोट्या विक्रेत्यांसाठी असलेली अन्न सुरक्षा नोंदणी foscos.fssai.gov.in वर फोनवरूनही करता येते. ती पहिल्याच महिन्यात करून टाकावी. प्लास्टिकच्या हलक्या पिशव्यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे. माझ्या मते सर्वांत चांगली सोय म्हणजे प्रत्येक घराच्या दोन कापडी पिशव्या, एक त्यांच्याकडे आणि एक आपल्याकडे. दर रविवारी त्या बदलायच्या, म्हणजे कागदी पिशवीचा खर्चही वाचतो.

सोसायटीत पिशव्या वाटण्याआधी सचिवांची तोंडी नव्हे, लेखी परवानगी घ्यावी. निरोपाचा मजकूर आणि जागा सांगणारे चार ओळींचे पत्र पुरते. जिथे फाटकाशी रोज बसणाऱ्या भाजीवाल्या मावशी आहेत त्या इमारती मात्र मी सोडून द्याव्यात असेच म्हणेन. त्यांचा रविवार आठवड्यातला मोठा विक्रीचा दिवस असतो आणि आपली गरज खर्चाला हातभार लावण्याची आहे, त्यांची घर चालवण्याची आहे. ज्या नव्या वसाहतींतून बाजार दूर आहे तिथे मागणीही अधिक मिळते.

कुठे बिघडते आणि ते कसे ओळखावे

ग्राहक तक्रार करतात तेव्हा काळजी कमी करावी, न बोलता थांबतात तेव्हा जास्त. वहीत दर आठवड्याला कोणती घरे गळली त्यावर गोल करावा. एकाच रविवारनंतर चार-पाच घरे एकदम गळली तर त्या दिवशीची एखादी भाजी वाईट होती, असेच बहुधा निघते. त्यातल्या दोन घरी स्वतः जाऊन विचारावे आणि त्या भाजीचे पैसे परत द्यावेत. एकेक घर हळूहळू कमी होत असेल तर पिशवी कंटाळवाणी झाली आहे. अशा वेळी चारपैकी दोन भाज्या दर आठवड्याला बदलत्या ठेवाव्यात.

सणवाराचे भान हा मराठी घरांशी व्यवहार करताना नफा-तोट्याचा भाग आहे. चातुर्मासात काही घरांत वांगी आणि कांदा-लसूण वर्ज्य असतो, म्हणून त्या महिन्यांत ठरलेल्या पिशवीत वांगी ठेवू नयेत. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, अळू, लाल भोपळा यांची मागणी वाढून भाव चढतात, तेव्हा भेंडीच्या जागी दोडका किंवा दुधी घेऊन किंमत सांभाळावी. जानेवारीत संक्रांतीच्या आधी भोगी येते. तिच्या मिसळीच्या भाजीसाठी घेवडा, वाल पापडी, गाजर, हरभरा, वांगी, बोरे असे सगळे थोडे-थोडे लागते आणि प्रत्येक गोष्ट वेगळी आणणे घरांना जिवावर येते. त्या आधीच्या रविवारी भोगीची वेगळी पिशवी जाहीर केली तर नेहमीच्या घरांखेरीज त्यांचे शेजारीही मागणी देतात. मात्र त्या दिवशी बाजारात गर्दी आणि भाव दोन्ही जास्त असतात, म्हणून किंमत शुक्रवारच्या भावावरून न ठरवता मोकळी ठेवून ‘१८० ते २२० दरम्यान’ असे कळवावे आणि फरक रविवारी घ्यावा किंवा द्यावा.

परीक्षेचे महिने सत्राच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर पाहून ठेवावेत. बंद राहणारे रविवार ग्राहकांना तीन आठवडे आधी कळवावेत आणि पुन्हा सुरू होण्याची तारीख त्याच निरोपात द्यावी. तारीख न सांगता थांबलेले काम घरे संपले असे समजतात आणि दुसरी व्यवस्था करून घेतात. जोडीदार असेल तर एका रविवारी एकाने फक्त खरेदी करावी आणि दुसऱ्याने फक्त वाटप, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशीही प्रत्येकाला अर्धा दिवस अभ्यासाला मिळतो आणि मागणी मोडत नाही.